काळ्या मेंदीचा टॅटू आठवड्याने का फुगतो आणि तेव्हा नेमके काय करावे

समुद्रकिनाऱ्यावर, जत्रेत किंवा लग्नघरी काढून घेतलेला काळाभोर टॅटू चार-पाच दिवस छान दिसतो आणि मग, रंग फिका पडू लागलेला असताना, नक्षीच्या रेषांवर खाज सुटून फोड येतात. इतक्या दिवसांनी आलेल्या फोडांचा संबंध टॅटूशी जोडायचे बहुतेकांच्या मनात येत नाही. कोणी उन्हाला दोष देते, कोणी खाऱ्या पाण्याला, तर कोणी किडा चावला असे ठरवून टाकते. कारण मात्र बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे केस काळे करण्याच्या डायमधील पॅरा-फेनिलीनडायअमिन, थोडक्यात पीपीडी, या रसायनाची ॲलर्जी. हे फोड योग्य उपचारांनी दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. ॲलर्जी मात्र सहसा कायमची राहते, आणि तिचा खरा त्रास अनेकांना काही वर्षांनी, केसांना पहिल्यांदा डाय लावल्यावर होतो. म्हणूनच पुढे फोडांच्या काळजीबरोबर त्यानंतरच्या सावधगिरीचाही तितकाच विचार केला आहे.

मेंदी काळी नसते

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते त्वचेच्या वरच्या, मृत पेशींच्या थराला धरते आणि आधी नारिंगी, मग एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. रंग चांगला चढावा म्हणून मेंदी चार-सहा तास ठेवावी लागते. तळहातावर आणि तळपायावर कातडी जाड असल्यामुळे तिथे ती सर्वांत जास्त रंगते. दंडावर, खांद्यावर किंवा पाठीवर तीच मेंदी फिकट तपकिरीच्या पुढे जात नाही. त्यामुळे दंडावर शाईसारखा काळा टॅटू दिसला, की तो नुसत्या मेंदीचा नाही एवढे खात्रीने म्हणता येते.

काळा रंग अर्ध्या-पाऊण तासात चढावा यासाठी काही जण मेंदीत केसांच्या डायची पूड मिसळतात, तर काही जण मेंदी वगळून डायचाच लगदा वापरतात. केसांच्या डायमध्ये पीपीडी असते, पण तिथे त्याला मर्यादा असते. युरोपीय संघात केसांवर लावण्याच्या मिश्रणात ते २ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि थेट त्वचेवर लावायला तर परवानगीच नाही. अमेरिकेतही ते केसांच्या डायपुरतेच चालते, त्वचेसाठी नाही. किनाऱ्यावरच्या काळ्या टॅटूच्या तपासलेल्या नमुन्यांत मात्र १५ टक्के आणि त्याहूनही जास्त पीपीडी सापडलेले आहे. शिवाय केसांचा डाय अर्ध्या तासात धुऊन टाकतात आणि तो मुख्यतः केसांवर असतो, तर टॅटूचा लगदा उघड्या कातडीवर वाळेपर्यंत तसाच राहतो. आपल्याकडे डायच्या खोक्यावर ॲलर्जीचा इशारा आणि आधी थोड्या जागेवर लावून पाहण्याची सूचना छापावी लागते; तीच पूड कोनात भरली की इशारा खोक्याबरोबर कचऱ्यात जातो.

उशीर का होतो

पीपीडीचा रेणू अगदी लहान असल्यामुळे तो त्वचेत सहज शिरतो. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रूप बदलते, आणि ते बदललेले रूप त्वचेतील प्रथिनांना चिकटते. त्वचेतील पहारेकरी पेशी ही अनोळखी जोडी उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे तिला ओळखणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढू लागते. ज्याला पूर्वी ही ॲलर्जी नव्हती त्याच्या शरीरात या तयारीला साधारण एक ते दोन आठवडे, कधी त्याहून थोडे अधिक दिवस लागतात. तयार झालेल्या पेशी रक्तावाटे त्वचेत परततात तेव्हा डायचा काही अंश टॅटूच्या जागी अजून शिल्लक असतो, म्हणून दाह नेमका नक्षीच्या रेषांवर उमटतो. फुलपाखरू काढले असेल तर फोडही फुलपाखराच्याच आकारात येतात.

दुसऱ्या वेळी ही तयारी करावी लागत नाही. ज्याच्या शरीरात त्या पेशी आधीपासून आहेत, त्याला एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. त्यामुळे फोड कितव्या दिवशी आले यावरून बरेच कळते. आठव्या-दहाव्या दिवशी आले असतील तर ॲलर्जी बहुधा या टॅटूनेच जडली. दुसऱ्याच दिवशी आले असतील तर आधी कधीतरी, कदाचित लहानपणीच्या टॅटूने किंवा केसांच्या डायने, ती जडलेली होती. ज्यांच्या घरी बिब्बा वापरला जाई त्यांना बिब्बा उतणे माहीत असते. रसायन वेगळे असले तरी त्वचेची प्रतिक्रिया त्याच जातीची आहे, आणि एकदा उतला की पुढच्या वेळी तो लवकर उतणार, हा अनुभवही इथे तसाच लागू पडतो.

याच कारणामुळे विक्रेत्याने मनगटावर एक ठिपका लावून "बघा, काही होत नाही" असे दाखवणे निरर्थक आहे. पाच मिनिटांत काही झाले नाही यावरून काहीच कळत नाही, आणि तीन दिवसांत काही झाले नाही तरी फक्त पूर्वीची ॲलर्जी नसावी इतकेच समजते. नवी ॲलर्जी जडणार का, हे त्यातून कळू शकत नाही, आणि तो ठिपका स्वतःच ती जडवू शकतो.

फोड याच ॲलर्जीचे आहेत हे कसे ओळखावे

सर्वांत मोठी खूण म्हणजे आकार. लाली आणि सूज नक्षीच्या रेषांपुरती, हाताला उंचवट्यासारखी लागणारी, आणि भरपूर खाजणारी असते. लगदा लावल्यावर तासाभरातच आग होऊ लागली असेल तर ती थेट रसायनाने झालेली जळजळ असू शकते. मेंदीत घातलेल्या नीलगिरीच्या किंवा लवंगाच्या तेलानेही काहींना त्रास होतो. लाली नक्षी सोडून पसरत चालली असेल, खाजेपेक्षा ठणका जास्त असेल, पू किंवा मधाच्या रंगाच्या खपल्या दिसत असतील किंवा ताप असेल, तर ॲलर्जीवर जंतुसंसर्गाची भर पडली असे समजावे. खाजवून फुटलेल्या फोडांत, विशेषतः लहान मुलांत, असे वारंवार होते.

एक उदाहरण, दिवसांच्या क्रमाने

नेहमी दिसणारा क्रम लक्षात यावा म्हणून एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. दहा वर्षांची मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याला गेली आणि किनाऱ्यावर एका फिरत्या विक्रेत्याकडून तिने दंडावर काळे फुलपाखरू काढून घेतले, असे धरू. लगदा काळा होता, अर्ध्या तासात वाळला आणि खाली लगेच गडद काळा रंग दिसला. मंडळी घरी परतली, आठवडा गेला, रंग उतरू लागला.

नवव्या दिवशी तिला दंडावर खाज सुटली. दहाव्या दिवशी फुलपाखराच्या कडा लाल होऊन उचलल्या गेल्या. अकराव्या दिवशी पंखांच्या रेषांवर पाण्याने भरलेले बारीक फोड आले आणि काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळले. घरच्यांना ते भाजल्यासारखे वाटले म्हणून त्यांनी घरात असलेले भाजल्यावरचे पांढरे मलम लावायचे ठरवले. इथेच थांबायला हवे. त्या मलमात बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे सल्फा गटातील औषध असते, आणि पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना सल्फाचाही त्रास होऊ शकतो. मुळात ही जखम भाजल्याची नसल्याने त्या मलमाची इथे गरजही नाही.

त्याऐवजी त्या दिवशी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. आधी जागा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकेच धुवावी. उरलेला रंग निघावा म्हणून घासू नये. तो त्वचेत मुरलेला असतो, घासून जात नाही, फक्त कातडी निघते. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, ब्लीच यांतले काहीही लावू नये, आणि हळदीचा लेपही फुटलेल्या फोडांवर नको. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे फोडांवर ठेवावे आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. खाज आणि स्राव दोन्ही कमी होतात. बर्फ थेट लावू नये. फोड फोडू नयेत. आपोआप फुटलेल्या जागी साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन न चिकटणारी पट्टी सैल बांधावी. मुलीची नखे कापून टाकावीत. पट्टी बांधण्यापूर्वी चांगल्या उजेडात एक फोटो काढून ठेवावा, कारण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत फोड बसले तरी नक्षीच्या आकाराचा तो फोटोच निदानाचा सर्वांत चांगला पुरावा ठरतो.

बाराव्या दिवशी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. अशा वेळी सहसा तीव्र स्टिरॉइडचे मलम साधारण एक ते दोन आठवड्यांसाठी दिले जाते. खाजेने झोप येत नसेल तर रात्रीची अँटीहिस्टमिन गोळी किंवा पातळ औषध देतात; त्याने खाज सुसह्य होते, दाह मात्र मलमानेच उतरतो. फोड मोठे असतील किंवा सूज खूप पसरली असेल तर थोड्या दिवसांसाठी तोंडावाटे स्टिरॉइड, आणि संसर्ग असेल तर प्रतिजैविक द्यावे लागते. मलमाची तीव्रता आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवावेत. आपल्या औषधांच्या दुकानांत चिठ्ठीशिवाय सहज हाती पडणारे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र असलेले मलम इथे आणू नये. त्यातील निम्म्या औषधांचे इथे काम नसते, आणि त्यातल्या एखाद्या प्रतिजैविकाचीच ॲलर्जी होऊन चित्र आणखी गोंधळाचे होते.

विसाव्या दिवसाच्या सुमारास खपल्या पडल्या आणि फुलपाखराच्या जागी पांढरट फुलपाखरू उरले. पालकांना याची सर्वांत जास्त भीती वाटते, कारण डाग म्हटला की कोडाची शंका येते. हे कोड नव्हे. दाहामुळे त्या जागेचा रंग तात्पुरता गेलेला असतो. सावळ्या त्वचेवर तो जास्त उठून दिसतो, आणि काहींच्या बाबतीत उलट काळसर डाग राहतो. रंग परत यायला कित्येक महिने लागतात, क्वचित फिकट आकृती कायमही राहते. तोवर ती जागा उन्हापासून झाकावी, म्हणजे आजूबाजूची त्वचा रापून डाग अधिक ठळक होत नाही. डाग जावा म्हणून स्टिरॉइडचे मलम पुढे चालू ठेवणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण त्या मलमानेच त्वचा पातळ होते आणि रंग आणखी उतरतो. काही जणांत, विशेषतः ज्यांच्या अंगावर जखमेचे जाड वण येतात त्यांच्यात, डागाऐवजी उंच वण तयार होतो. तो वाढताना दिसल्यास पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

केव्हा थांबू नये

डोळे, ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास घ्यायला त्रास होणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ताप, पू, वाढता ठणका किंवा जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. टॅटू चेहऱ्यावर किंवा डोळ्यांजवळ असेल, किंवा मूल अगदी लहान असेल, तर फोड किती मोठे आहेत हे न पाहता जावे.

ॲलर्जी पक्की कशी करतात

फोड बरे झाल्यावर बहुतेक जण विषय संपला असे समजतात. खरे तर याच वेळी पॅच टेस्ट करून घेण्यासारखी असते. त्वचा पूर्ण शांत झाल्यावर आणि तोंडावाटे घेतलेले स्टिरॉइड थांबून काही आठवडे झाल्यावर ती करतात. पाठीवर लहान लहान चकत्यांतून वेगवेगळी द्रव्ये चिकटवतात. पीपीडी साधारणतः पेट्रोलियम जेलीत १ टक्का या प्रमाणात असते. चकत्या ४८ तासांनी काढून पाठ तपासतात आणि पुन्हा ९६ तासांनी पाहतात, कारण पहिल्या वेळी स्वच्छ दिसलेली जागा दुसऱ्या वेळी लाल झालेली आढळू शकते. या काळात पाठ भिजवायची नसते, त्यामुळे भर उन्हाळ्यापेक्षा थंडीत ही चाचणी सोयीची पडते. ज्याला टॅटूने मोठे फोड आले होते त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशांना १ टक्क्याच्या चाचणीनेही पाठीवर फोड येऊ शकतो. मग ते अधिक पातळ द्रव्याने किंवा थोडाच वेळ लावून सुरुवात करतात.

घरी डाय कानामागे लावून पाहणे हा या चाचणीचा पर्याय नाही. ज्याला ॲलर्जी जडली असण्याची दाट शक्यता आहे त्याने पीपीडी असलेला डाय कानामागेही लावू नये. चाचणी करून घेणे शक्यच नसेल, तर नक्षीच्या आकाराचे फोड आले होते एवढ्या पुराव्यावर ॲलर्जी आहे असे धरूनच चालावे.

पुढची वर्षे: केसांचा डाय

उदाहरणातील मुलगी कॉलेजात जाईल, केसांना रंग लावावासा वाटेल, किंवा पुढे कधीतरी पांढरे केस दिसू लागतील. तेव्हा दहा वर्षांची असतानाचे फुलपाखरू कोणाला आठवणार? पीपीडी असलेला डाय लावल्यावर एक-दोन दिवसांत टाळू पाझरू लागते, कपाळ आणि कान सुजतात, आणि डोळे मिटून जातील इतक्या पापण्या फुगतात. डाय लागतो डोक्याला पण सूज दिसते चेहऱ्यावर, त्यामुळे पुष्कळदा फेसक्रीमवरच संशय जातो. हे टाळण्यासाठी ॲलर्जीची नोंद मुलांच्या लसीकरणाच्या कार्डासोबत किंवा वैद्यकीय फाइलच्या पहिल्या पानावर, रसायनाच्या पूर्ण नावासह करून ठेवावी आणि मूल मोठे झाल्यावर त्याला ती समजावून सांगावी.

डाय निवडताना जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये. 'अमोनिया नाही' म्हणजे पीपीडी नाही असे होत नाही, आणि 'हर्बल' किंवा 'काळी मेंदी' असे लिहिलेल्या पुड्यांत ते सर्रास असते. ऑनलाइन दुकानाच्या पानावर घटकांची यादी उघडून p-Phenylenediamine, PPD किंवा 1,4-Benzenediamine यांपैकी एखादे नाव दिसते का ते शोधावे. Toluene-2,5-diamine हे त्याचे जवळचे भावंड आहे. पीपीडी चालत नसलेल्या काहींना ते चालते, काहींना नाही. म्हणून तज्ज्ञांनी चाचणी करून सांगितल्याखेरीज तेही नकोच. यादीच दिलेली नसेल तर ती वस्तू घेऊ नये. पार्लरमध्ये 'ॲलर्जी आहे' एवढे सांगून भागत नाही. रसायनाचे नाव सांगून डब्यावरची यादी स्वतः वाचावी. केस रंगवायचेच असतील तर नुसती मेंदीची पूड, किंवा मेंदीची आणि नीळीच्या झाडाच्या पानांची शुद्ध पूड, हा मार्ग उरतो. तिथेही पुडीत दुसरे काही मिसळलेले नाही याची खात्री हवी: भिजवल्यावर काही मिनिटांतच गडद काळी पडणारी 'मेंदी' बाजूला ठेवावी.

मेंदी काढून घेताना

लग्नात तळहातावरची नक्षी साधी मेंदी असते आणि तिच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून काळ्या कोनाने 'आउटलाइन' काढतात. धोका त्या बारीक रेघेत असतो. मेंदी काढणाऱ्या ताईंना कोन कशाचा आहे, रंग किती तासांनी चढेल आणि काळा कोन वेगळा आहे का, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. हिरवट-तपकिरी लगदा, चार-सहा तासांचा वेळ आणि पहिल्या दिवशी नारिंगी रंग अशी उत्तरे आली तर ठीक. 'अर्ध्या तासात काळी' असे उत्तर आले तर हात मागे घ्यावा, मग पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. एका मुलीला काळी नको म्हणून सांगितले की तिच्या धाकट्या बहिणीला तरी काढू दे, असा प्रस्ताव हमखास येतो. बहिणीला अजून ॲलर्जी नाही, आणि ती जडू नये हाच तर नकाराचा हेतू आहे.

शुद्ध मेंदीची ॲलर्जी दुर्मीळ असते. मात्र जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांना शुद्ध मेंदीनेही रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो, त्यामुळे तान्ह्या मुलांच्या तळव्यांना मेंदी लावण्याची हौस आवरलेली बरी.

डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना काय सांगावे

पीपीडीशी रासायनिक नाते असलेल्या काही पदार्थांचा त्रास काही रुग्णांना होतो. बधिर करण्याच्या औषधांपैकी बेंझोकेन आणि प्रोकेन त्या गटातील आहेत. तोंड आल्यावर किंवा दात येताना लावायच्या काही जेलमध्ये बेंझोकेन असते, म्हणून विकत घेताना नाव वाचावे. दंतवैद्य सहसा वापरतात ते लिग्नोकेन वेगळ्या गटातील असल्याने या ॲलर्जीमुळे ते टाळावे लागत नाही, तरी दात काढण्यापूर्वी ॲलर्जीची कल्पना द्यावी. सल्फाची औषधे आणि पाबा असलेली सनस्क्रीन यांबाबतही डॉक्टरांना आधी सांगावे. गडद रंगाच्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांनी काखेत किंवा मांड्यांवर, किंवा काळ्या रबराच्या वस्तूंनी हातांवर वारंवार पुरळ येत असेल, तर पॅच टेस्टच्या वेळी तोही उल्लेख करावा, म्हणजे त्या रंगांची आणि रबरातील द्रव्यांची चाचणी त्याच खेपेस उरकते.